चाळीस मिनिटांचे भाषण दहा मिनिटांत



सिद्ध केलेले भाषण ऐन वेळी कापण्याचा प्रसंग आला, की बहुतेक वक्ते रंजक भाग राखतात आणि रुक्ष भाग गाळतात. श्रोत्यांना कंटाळा येऊ नये, हा त्यामागील हेतू चांगला असतो. परंतु माझ्या मते हा क्रम उलटा आहे. भाषणातील रंजक भाग हा पुष्कळदा शाखाविस्तार असतो आणि रुक्ष भागात विचाराचे सांधे असतात. शाखा तोडल्या तरी झाड उभे राहते. सांधा निखळला, की वाक्ये सुंदर राहूनही युक्तिवाद कोसळतो. हे मत मी पुस्तकातून घेतलेले नाही. एकच भाषण मी एकदा शिरूरला व एकदा दौंडला असे दोनदा कापले. पहिल्या वेळी ते चुकीचे कापले, दुसऱ्या वेळी बरे कापले. त्या दोन प्रसंगांच्या आधारे हे मत तुमच्यापुढे मांडत आहे.

प्रथम भाषणाचा विषय समजून घ्या, कारण त्याशिवाय कापाकापीचा विचार करता येणार नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. इतिहासात तो 'दख्खनचे दंगे' या नावाने नोंदला गेला आहे. आरंभ १२ मे रोजी सुपे येथे झाला. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. त्या काळी ते भीमथडी तालुक्यात होते आणि आजचे दौंडही त्याच तालुक्यात मोडत असे. पाठोपाठ शिरूर तालुक्यातील गावांतही उठावाचे लोण पोहोचले. सुप्यात दुकाने लुटली गेली, एक घर जाळले गेले. पण एकंदर उठावाचे वैशिष्ट्य निराळे होते. जमाव सावकाराकडे कर्जखते मागत असे आणि ती हाती आली, की त्यांची होळी करीत असे. जेथे खते मुकाट्याने दिली गेली, तेथे सहसा पुढे काही घडले नाही. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगानेही ही गोष्ट नोंदवून ठेवली आहे.

माझ्या भाषणाचा प्रश्न एवढाच होता: लोकांनी कागदच का जाळले? त्याचे प्रचलित उत्तर असे, की शेतकरी भोळा होता. कागद जळला म्हणजे कर्ज फिटले असे त्याला वाटले. मला याच्या उलट सिद्ध करायचे होते. कर्ज कशामुळे वाढते, हे त्या शेतकऱ्याला नेमके कळले होते, असा माझा दावा होता.

या दाव्याचा सर्व भार एका कायदेशीर तपशिलावर आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खतावर दावा लावण्यास तीन वर्षांची मुदत ठरवली. ऋणकोचे संरक्षण व्हावे, हा त्यामागील विचार होता. प्रत्यक्षात मुदत संपण्यापूर्वी सावकार जुने खत बदलून नवे लिहून घेऊ लागला आणि त्यात तोवरचे व्याज मुद्दलात मिळवू लागला. उदाहरणापुरते शंभर रुपये, दरमहा शेकडा दोन रुपये व्याजाने घेतले असे समजा. तीन वर्षांचे व्याज बहात्तर रुपये. नवे खत झाले एकशे बहात्तरांचे. आणखी तीन वर्षांनी त्याचेही तसेच केले, की आकडा जवळजवळ दोनशे शहाण्णव होतो. सहा वर्षांत एक पैसाही नव्याने न घेता कर्ज तिपटीच्या जवळ आले. खत बदलले नसते, तर सरळ व्याजाने हीच रक्कम दोनशे चव्वेचाळीस झाली असती. मधले बावन्न रुपये केवळ खत बदलल्याने वाढले. दिवाणी न्यायालय बहुधा खतावरील आकडा पाही. त्यामागची हकीकत विचारीत नसे. म्हणजे कर्ज कागदात राहत होते आणि कागदामुळेच वाढत होते. मग कागद जाळणाऱ्याला भोळा कसे म्हणावे?

या मूळ युक्तिवादाभोवती मी पुष्कळ काही रचले होते. १८६५ साली अमेरिकेतील यादवी युद्ध संपले आणि कापसाचे भाव घसरले, त्याची हकीकत होती. सरकारी साऱ्याच्या फेरआकारणीचे विवेचन होते. शिरूर तालुक्यातील कर्डे गावाचा प्रसंग होता: डिसेंबर १८७४ मध्ये तेथील एका देशमुखाच्या घरावर सावकाराने न्यायालयाचा हुकूमनामा बजावला आणि घर पाडायला घेतले, तेव्हा गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. सुप्याच्या बाजारपेठेचे वर्णन होते. शेवटी १८७९ चा शेतकरी संरक्षण कायदा होता. असे सारे मिळून सोळा पाने झाली होती. मी मिनिटाला सुमारे शंभर शब्द वाचतो. पानावर साधारण अडीचशे शब्द मावतात. म्हणजे चार हजार शब्द, चाळीस मिनिटे. ठरलेला वेळही तेवढाच होता.

शिरूरच्या कार्यक्रमासाठी मी दौंडहून एसटीने चौफुला-न्हावरा मार्गे गेलो. सत्कार लांबले, पाहुणे उशिरा आले, आणि माझे नाव पुकारण्यापूर्वी वीस मिनिटे संयोजक जवळ येऊन हळूच म्हणाले, "सर, तेवढं दहा मिनिटांत आवरा." संयोजकांचा दोष काढण्याचे कारण नाही, व्याख्यानांच्या गावी हे नेहमीचेच आहे. शाली-श्रीफळांचे वाटप चालू असताना मी पाने चाळू लागलो. कायद्याची दीड पाने पाहिली आणि मनात आले, की सायंकाळच्या वेळी मुदतीचा कायदा कोण ऐकणार? ती गाळली. व्याजाचे गणितही गाळले, कारण आकडे कानाला जड जातात. कर्ड्याचा प्रसंग राखला, कारण गाव तालुक्यातले. सुप्याचा बाजार राखला, कारण वर्णन चांगले उतरले होते. शिवाय प्रत्येक परिच्छेदातून दोन-तीन विशेषणे खोडली आणि वाचण्याचा वेगही वाढवला.

भाषण चांगले झाले, असे सर्वांनी सांगितले. टाळ्याही पडल्या. मंडपाबाहेर मात्र एक वृद्ध शेतकरी भेटले. ते म्हणाले, "म्हणजे सर, त्या वेळचे सावकार वाईट होते आणि लोक चिडले होते, असंच ना?" मी क्षणभर गप्प राहिलो. माझे भाषण ज्या समजुतीच्या विरुद्ध होते, तीच समजूत मी त्यांच्या मनात पक्की करून दिली होती. त्यांच्या ऐकण्यात काही उणे नव्हते. 'कागद का?' या प्रश्नाचे उत्तर मी शिरूरच्या मंडपात दिलेच नव्हते. प्रश्न ठेवला, दोन गोष्टी सांगितल्या आणि 'म्हणूनच तो शेतकरी शहाणा होता' असा निष्कर्ष वाचला. 'म्हणूनच' या शब्दाच्या मागे जे असायला हवे होते, ते माझ्या पिशवीत राहिले होते.

येथून मला एक कसोटी मिळाली. कापलेले भाषण शाबूत आहे की नाही, हे टाळ्यांवरून कळत नाही. ऐकणाऱ्याला भाषण एका वाक्यात सांगायला लावावे. ते वाक्य तुमच्या निष्कर्षाशी जुळले, तर कापणी साधली. ते वाक्य भाषण न ऐकताही कोणी म्हणाले असते असे असेल, तर तुम्ही सांधा गमावला आहे.

दोन महिन्यांनी दौंडला तेच भाषण होते. या वेळी अर्धा तास मिळणार होता. पण वीज गेली, ध्वनिक्षेपक बंद पडला आणि तो सुरू होईपर्यंत पुन्हा दहाच मिनिटे उरली. मी याही वेळी वीसेक मिनिटेच कामाला घेतली, पण ती निराळ्या रीतीने वापरली. ती रीत क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट हिशेबाची. दहा मिनिटे म्हणजे हजार शब्द नव्हेत. व्यासपीठावर जाणे, संबोधन आणि शेवटचा विराम यांत दीड मिनिट जाते. उरले साडेआठशे शब्द, म्हणजे माझी साडेतीन पाने. सोळा पानांतून साडेबारा पाने जायला हवीत, हे एकदा डोळ्यांपुढे आले, की विशेषणे खोडण्याचा मोह आपोआप सुटतो. दर परिच्छेदातील चार शब्द काढून फार तर एक पान वाचते. शिवाय खाडाखोडीने भरलेले पान मंद प्रकाशात वाचताना जीभ अडखळते, ते निराळेच. म्हणून ऐन वेळी कापायचे ते परिच्छेदच्या परिच्छेद, शब्द नव्हेत. वेग वाढवणे हाही उपाय नव्हे. वेगाने वाचलेले ऐकू येते, पण समजायला अवधी मिळत नाही. आणि अवधी सर्वांत जास्त लागतो तो नेमका सांध्यांना.

दुसरी गोष्ट अशी, की मी भाषण पहिल्या पानापासून चाळले नाही. शेवटच्या पानाच्या पाठीवर निष्कर्ष एका वाक्यात लिहिला आणि तेथून 'कशावरून?' असे विचारीत मागे गेलो. शेतकऱ्याने विचारपूर्वक कागद जाळला. कशावरून? कारण कर्ज कागदामुळे वाढत होते. कशावरून? कारण तीन वर्षांनी खत बदलताना व्याज मुद्दल होत असे. न्यायालय ते का मान्य करी? कारण ते खतावरील आकडा पाही, मागची हकीकत पाहत नसे. आणि लोकांना हे कळले होते, हे कशावरून? कारण त्यांनी मागितली ती खतेच, आणि खते मिळताच ते बहुधा थांबले. एवढ्या वाक्यांची ती साखळी होती. तिच्यात अमेरिका नव्हती, साऱ्याची फेरआकारणी नव्हती, आणि कर्डेही नव्हते.

मग समासात खुणा केल्या. साखळीतील वाक्य ज्या परिच्छेदात आहे त्यापुढे 'सां', त्याला पुरावा देणाऱ्या परिच्छेदापुढे 'आ', म्हणजे आधार, आणि उरलेल्यांपुढे 'शा', म्हणजे शाखा. शाखा सर्व गेल्या. आधारांपैकी दर सांध्यामागे एकच ठेवला. कापसाचे भाव का पडले हे कळल्याने शेतकरी कर्जात का बुडाला ते समजते. पण कागद का जाळला ते समजत नाही. ती उत्तम माहिती होती, पण निराळ्या प्रश्नाचे उत्तर होती. लिहिताना हा भेद माझ्या लक्षात आला नव्हता. कात्री हातात आल्यावर आला.

व्याजाचे गणित मात्र या वेळी राखले. आकडे कानाला जड जातात हे खरे. पण सगळेच आकडे जातात असे नाही. शंभराचे एकशे बहात्तर, एकशे बहात्तरांचे दोनशे शहाण्णव, एवढे दोनच टप्पे सांगितले आणि प्रत्येक टप्प्यानंतर थांबलो. दौंडच्या श्रोत्यांत सोसायटीचे कर्ज 'नवे-जुने' करणारे शेतकरी होते. कर्ज नवे-जुने करणे म्हणजे काय, ते त्यांना माझ्याहून अधिक ठाऊक होते. १८५९ च्या कायद्याचे ते रूप सांगण्यास मला एकच वाक्य लागले. श्रोत्यांना जे आधीच ठाऊक आहे त्याचा आधार घेतला, तर एका परिच्छेदाचे एक वाक्य होते. ही बचत लेखनाच्या वेळी करता येत नाही; श्रोते समोर आल्यावरच करता येते. शिरूरला कर्डे जसे जवळचे, तसे दौंडला सुपे जवळचे. म्हणून प्रसंग एकच ठेवला, तो सुप्याचा, आणि त्यातील बाजाराचे वर्णन गाळून फक्त खते मागितल्याचा भाग घेतला.

तिसरी गोष्ट जोडणीची. परिच्छेद गेले, की उरलेल्या परिच्छेदांच्या तोंडचे शब्द लोंबकळत राहतात. 'याउलट', 'तथापि', 'वर सांगितल्याप्रमाणे', 'हा दुसरा प्रकार', 'त्यांनी' हे सारे शब्द ज्याकडे बोट दाखवतात ते आता पानावर नसते. डोळ्यांना हे चटकन दिसत नाही, कारण मूळ भाषण आपल्या मनात अखंड असते. म्हणून उरलेल्या प्रत्येक परिच्छेदाचे फक्त पहिले वाक्य वाचावे आणि त्यातील दर्शक शब्द कोणाला उद्देशून आहे, हे शोधावे. मला असे तीन शब्द सापडले. त्यांच्या जागी पूर्ण नाम लिहिले. जेथे दोन परिच्छेदांमध्ये दरी पडली होती, तेथे जोडवाक्य समासात संपूर्ण लिहून काढले. असे वाक्य आयत्या वेळी तोंडून येईल, या भरवशावर राहू नये. नंतर गाळलेली पाने खालच्या बाजूला ठेवली, उरलेल्यांना नवे क्रमांक घातले आणि शेवटच्या पानावर 'सातवे मिनिट' असे लिहिले. घड्याळात सात मिनिटे झाली, की कोठेही असलो तरी निष्कर्षाच्या पानावर जायचे, अशी ती खूण होती.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिच्याबद्दल मतभेदही होऊ शकेल. पुरावा कापला, की दावाही तेवढा कापला पाहिजे. मूळ भाषणात मी 'दख्खनच्या शेतकऱ्याला कायद्याचे मर्म कळले होते' असे म्हटले होते. चाळीस मिनिटांत निरनिराळ्या तालुक्यांतील प्रसंग देऊन हे विधान पेलता येत होते. दहा मिनिटांत माझ्याजवळ एकच प्रसंग होता. म्हणून मी विधान लहान केले: 'सुप्याच्या जमावाने जे मागितले, त्यावरून कर्जाचे मूळ कोठे आहे ते त्याने ओळखले होते असे दिसते.' काही मित्रांना हे पडखाऊपणाचे वाटले. वेळ कमी असताना विधान ठसठशीत हवे, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटत नाही. मोठे विधान आणि लहान पुरावा यांच्यामधली पोकळी श्रोत्याला शब्दांत सांगता येत नसली, तरी जाणवते, आणि मग तो वक्त्याच्या आवेशाला दाद देऊन विचार विसरून जातो. शिरूरला तेच झाले होते.

निष्कर्षाला बाहेरून दुजोरा देणारी एक गोष्ट मात्र मी दौंडलाही दोन वाक्यांत सांगितली. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी १८७९ चा कायदा आला. त्याने न्यायालयाला खताच्या मागे जाऊन व्यवहाराची मूळ हकीकत तपासण्यास सांगितले, म्हणजे दोष कागदात होता हे सरकारनेही मान्य केले. हा परिच्छेद मूळ भाषणात शेवटी होता, आणि शेवटून कापणाऱ्या वक्त्याकडून पहिला बळी त्याचाच गेला असता. वेळ संपत आली म्हणून शेवटची पाने सोडून देणे, ही कापण्याची सर्वांत सोपी आणि सर्वांत घातक रीत आहे. कारण आपण निष्कर्ष नेहमी शेवटी ठेवतो.

'वेळेअभावी पुष्कळ काही सांगता येत नाही' हे वाक्यही मी उच्चारले नाही. त्यात वेळ जातोच. शिवाय समोरचे भाषण अपुरे आहे अशी नोंद श्रोता पहिल्याच मिनिटाला करून ठेवतो. जे गाळले ते त्याला माहीत नाही. जे दिले ते पूर्ण असेल, तर त्याला काही उणे भासत नाही.

या रीतीला मर्यादा आहे, तीही सांगितली पाहिजे. वेळ कमी करणे आणि मत कमी करणे, या दोन वेगळ्या मागण्या आहेत. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने अध्यक्षपदासाठी बोलावलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखी भाषणातील काही भाग गाळावेत, अशी इच्छा व्यक्त केली. प्रश्न मिनिटांचा नव्हता, विचारांचा होता. बाबासाहेबांनी बदल नाकारला, परिषद झाली नाही आणि ते भाषण त्यांनी त्याच वर्षी स्वतः छापून प्रसिद्ध केले. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' हेच ते भाषण. संयोजक घड्याळ दाखवीत असेल, तर शाखा तोडाव्यात. तो सांध्यावर बोट ठेवीत असेल, तर ती कापणी नव्हे, आणि तेथे वक्त्याने नकारच दिला पाहिजे. तसेच काही युक्तिवाद मुळातच अनेक गोष्टींच्या तुलनेवर उभे असतात. तेथे दर सांध्यामागे एक आधार ठेवून भागत नाही. अशा वेळी मूळ विषयाची छोटी आवृत्ती करू नये. त्यातील एकच प्रश्न उचलावा आणि तेवढ्याचेच भाषण करावे.

दौंडला कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलणाऱ्या एका तरुणाने मला थांबवले. तो म्हणाला, "सर, म्हणजे ते लोक रागानं नाही, हिशेबानं कागद जाळत होते." माझ्या सोळा पानांचे इतके नेमके सार मलाही लिहिता आले नव्हते.

तुमच्यापैकी अनेकांना ग्रामसभेत, बचत गटाच्या बैठकीत, शाळेच्या कार्यक्रमात किंवा अभ्यासकेंद्रावरील चर्चेत बोलावे लागते, आणि वेळ नेहमीच कमी केला जातो. आपले पुढचे लेखी भाषण पूर्ण झाल्यावर ते पिशवीत ठेवण्यापूर्वी एक काम करा. शेवटच्या पानाच्या पाठीवर निष्कर्ष लिहून त्याखाली 'कशावरून?'ची साखळी मांडा, आणि समासात 'सां', 'आ', 'शा' या खुणा आधीच करून ठेवा. हे काम घरी पंधरा-वीस मिनिटांत होते. मग मंडपात कोणी येऊन 'दहा मिनिटांत आवरा' म्हणाले, तर काय गाळायचे हे ठरवण्यात तुमचा वेळ जाणार नाही. तो सगळा जोडवाक्ये लिहिण्यास मिळेल.